आंघोळ करून दाखव

पहिल्या वेळी त्या घरातून मी तासाभरात काम उरकून निघालो होतो. तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं तेव्हा आजींच्या मनगटाला प्लास्टर होतं. नातू आंघोळ करून गेला, मागून त्या बेसिनशी गेल्या आणि काचेबाहेरच्या ओल्या फरशीवर पाय सटकला. घरात कोणी मला एक शब्द बोललं नाही. सुनेने चहा ठेवला, तो मला गेला नाही.

शॉवरच्या काचा बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम, पुण्यात अकरा वर्षं. निम्मे फोन एकाच वाक्याचे असतात: 'काचेबाहेर पाणी येतंय, सिलिकॉन मारून द्या.' लोकांना सिलिकॉन म्हणजे रामबाण वाटतं, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांनाही. गन मारली, बोट फिरवलं, पैसे घेतले.

इथे पाच फुटांच्या ओपनिंगला दहा एमएमची टफन काच होती. डावीकडे भिंतीला बिजागऱ्यांवर दोन फुटांचं दार, उजवीकडे तीन फुटांची फिक्स काच. खाली ग्रॅनाइटची पट्टी, म्हणजे उंबरा. पाणी साचायचं ते फिक्स काचेच्या बाहेर, दारापासून फूटभर लांब. त्यामुळे सगळ्यांचा संशय फिक्स काचेखालच्या जोडावर, आणि पहिल्या वेळी माझाही.

त्या वेळी मला एक खरी चूक सापडली होती. दाराखालच्या पारदर्शक सीलला दोन ओठ असतात. एक सरळ खाली पट्टीला टेकतो, दुसरा तिरका असतो आणि काचेवरून ओघळलेलं पाणी आत ढकलतो. आधीच्या माणसाने सील उलटं घातलं होतं, तिरका ओठ बाहेर. म्हणजे पाणी बाहेर नेण्याची सोयच केलेली. शिवाय ते पिवळं पडून कडक झालेलं. टँकरच्या पाण्याचे क्षार, वर दर रविवारी अ‍ॅसिडने धुणं. हातात घेतलं तर कुरडईसारखं मोडलं. मी नवीन सील सुलट घातलं, फिक्स काचेचं जुनं सिलिकॉन खरवडून नवीन भरलं, चोवीस तास पाणी लावू नका म्हणून बजावलं. सिलिकॉन भरण्याआधी हँड शॉवरने दारावर पाणी मारून बघितलं होतं, खाली एक थेंब नाही. उलटं सील पकडल्याचा मला इतका आनंद झाला होता की पुढे बघायचं सुचलंच नाही.

या वेळी ठरवलं, आधी काही उघडायचं नाही. बाहेरची फरशी कोरडी पुसली आणि पट्टीला चिकटून रविवारची पुरवणी अंथरली. कागदावर पहिला डाग कुठे पडतो ते दिसतं. फरशीवर पाणी पसरल्यावर ते कुठून आलं हे कोणाच्या बापाला कळत नाही. आत बादलीभर पाणी ओतलं. कागद कोरडा, म्हणजे फिक्स काचेखालचा जोड पक्का. मग वरचा शॉवर पूर्ण उघडून दार लावलं आणि दहा मिनिटं बसलो. कागद कोरडाच. शॉवर दारासमोरच्या भिंतीवर, तोंड दाराकडे, पण धार मध्येच जमिनीवर पडत होती, काचेला जेमतेम शिंतोडे.

सुनेने दारातून विचारलं, "काका, मग रोज पाणी येतं ते कुठून?"

तेव्हा डोक्यात आलं की रोज तिथे रिकामा शॉवर चालत नाही, खाली माणूस उभा असतो. नातवाला हाक मारली. सहा फुटी पोरगा, फुटबॉल खेळणारा. म्हटलं, "दादा, चड्डी घालून रोजच्यासारखी आंघोळ करून दाखव." तो आधी हसला, मग आजीच्या हाताकडे बघून गुपचूप आत गेला.

मी बाहेर पालथा पडून टॉर्च मारत होतो. दोन मिनिटंही झाली नसतील. धार त्याच्या खांद्यावर आपटत होती आणि तिथून फुटून दारावर, तेही पार वरच्या बिजागरीपर्यंत उडत होती. दाराचा खालचा कोपरा कोरडा. पण खालच्या बिजागरीच्या मागून एक थेंब आला, भिंतीच्या कडेने उतरला, पट्टीवर टेकला. मग दुसरा. मग ओळच लागली.

ही जागा बाहेरच्यांना दिसत नाही. बिजागरीच्या बाजूला काच आणि भिंत यांच्यात दीड-दोन सूत फट ठेवावीच लागते, नाहीतर दार फिरताना काचेची कड टाइलला घासते. टफन काच मधोमध बुक्की सोसेल, पण कडेला मार बसला की सगळी दाणे होऊन खाली. त्या फटीला उभं सील असतं, पण बिजागरी आली की ते कापावंच लागतं. वर एक, खाली एक, दोन भोकं. बिनफ्रेमच्या दाराला ती राहणारच. काच विकताना हे कोणी सांगत नाही. मीही सांगत नव्हतो.

पट्टीवर उतरलेलं पाणी आत जायला हवं होतं. लेव्हल ठेवली तर बुडबुडा आतल्या बाजूला सरकला. आतली बाजू उंच, म्हणजे उतार बाहेर, आणि लांबीत किंचित उजवीकडे. म्हणून पाणी दाराच्या भिंतीकडून येऊन फिक्स काचेपाशी साचत होतं आणि आम्ही सगळे तिथेच सिलिकॉन भरत होतो. टाइलवाल्याने उतार चुकवला, प्लंबरने शॉवर डक्टच्या भिंतीवर ठेवला कारण पाइप तिथे जवळ पडतो. शेवटी येतो काचवाला, आणि शिव्या खातो तो. शॉवर बाजूच्या भिंतीवर असता तर धार दाराला समांतर पडली असती.

भिंत फोडणं त्यांना नको होतं. मग शॉवरच्या मानेचा गोळा सैल करून तोंड खाली आणि बिजागरीपासून लांब वळवलं, आणि पोराला फिक्स काचेच्या बाजूला उभं राहायला सांगितलं. बिजागरीच्या वर-खालचं सील नवीन घातलं, अगदी भिडवून कापलं, भोक उरेल तेवढंच. पट्टीवर दाराच्या ओळीत आतून अर्ध्या इंचाची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सिलिकॉनने चिकटवली, दोन्ही टोकं बंद केली. पण बिजागरीमागचं पाणी भिंतीच्या कडेला उतरतं, म्हणून तिथे ती पट्टी दाराबाहेर वळवून घ्यावी लागली. दिसायला बरी नाही. सुनेला आवडली नाही, हे तोंडावर दिसलं. आणखी एक सांगितलं: आंघोळ झाल्यावर दार लगेच बाहेर उघडू नका, काचेवरचं पाणी आधी वायपरने ओढा, नाहीतर दारच बाहेर ठिबकतं.

दुसऱ्या दिवशी सिलिकॉन वाळल्यावर पोराने पुन्हा आंघोळ केली, दहा मिनिटं. कागदावर डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग पडला. पूर्ण कोरडा झाला असं मी म्हटलं नाही.

या खेपेचे पैसे मी घेतले नाहीत. पहिल्या खेपेचे परत करायचं डोक्यात होतं, पण ते दिले तर चूक कबूल केल्यासारखं होईल, म्हणून खिशातच राहिले. आठ दिवसांनी नातवाने कोरड्या कागदाचा फोटो पाठवला. आजींचं विचारलं तर म्हणाला, त्या आता तिकडे जात नाहीत. आतल्या मोरीत बादली घेऊन स्टुलावर बसून आंघोळ करतात.