दहा छप्पनचं वाय-फाय

आमच्या कॅम्पसवर पहिला मोठा तास सुटतो दहा पन्नासला. वाय-फाय बिघडायचं दहा छप्पनला. मधल्या सहा मिनिटांचा अर्थ लागायला मला नऊ दिवस लागले. ती सहा मिनिटं रोज माझ्या डोळ्यांसमोर होती, हे अजून पचलेलं नाही, म्हणून लिहितोय.

तक्रार साधी होती. फोनवर सिग्नल पूर्ण, आणि खाली 'कनेक्ट होत आहे' असं फिरत राहायचं. वीस-पंचवीस सेकंद. कधी लागायचं, कधी फोन कंटाळून पुन्हा पासवर्ड मागायचा. फोनने पासवर्ड मागितला की माणसाला वाटतं आपलाच चुकला. कार्यालयातल्या एका बाईंनी त्या आठवड्यात तीनदा पासवर्ड बदलला, आणि पहिलाही बरोबरच होता. सव्वाअकराच्या सुमाराला सगळं आपोआप सुरळीत व्हायचं. दुपारच्या सुट्टीत पुन्हा तेच.

ॲक्सेस पॉइंट पुरवणाऱ्यांचा माणूस आला, छताकडे बघत वऱ्हांड्यातून एक चक्कर मारली आणि म्हणाला, "सर, अजून बारा पॉइंट लागतील." दुखणं काहीही असो, यांच्याकडे औषध एकच. पण हे सगळे पॉइंट चालवणाऱ्या कंट्रोलरच्या नोंदीत स्पष्ट दिसत होतं की फोन आणि पॉइंट यांची गाठ क्षणात पडतेय. घोडं अडत होतं त्याच्या पुढे, 'हा माणूस आपला आहे का' हे रेडिअस सर्व्हरला विचारताना.

हे विचारणं एका प्रश्नात होत नाही, ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. आमच्या मुख्य नेटवर्कवर पीईएपी पद्धत आहे. आधी फोन आणि सर्व्हर यांच्यात एक कुलूपबंद बोगदा तयार होतो, सर्व्हर आपलं प्रमाणपत्र तुकड्यातुकड्यांनी पाठवतो, मग बोगद्याच्या आतून पासवर्डाची परीक्षा होते. एका लॉगिनसाठी फोनकडून सर्व्हरकडे साधारण दहा पॅकेट जातात आणि दहा उत्तरं परत येतात. सर्व्हर मोकळा असेल तर सगळा खेळ अर्ध्या सेकंदात आटोपतो. रांग असेल तर मात्र फोन त्या रांगेत एकदा नाही, दहादा उभा राहतो.

मी पहिल्या दिवशी काय केलं? radtest चालवून बघितलं. वीस मिलिसेकंदात `Access-Accept`. दिवसभरात पाच वेळा बघितलं, पाचही वेळा उत्तम, आणि "सर्व्हर ठणठणीत आहे" असं मी लेखी कळवून मोकळा झालो. ती चाचणी एकच पॅकेट पाठवते, साध्या पासवर्डाचं, आणि मी ती चालवत होतो तक्रारी वाचून झाल्यावर, म्हणजे साडेअकरानंतर. खरी चाचणी eapol_test ची. ती फोनसारखाच सगळा बोगदा बांधते. ती दर मिनिटाला चालवून वेळ नोंदवायची हे मला चौथ्या दिवशी सुचलं. तिथे आलेख पहिल्यांदा दिसला: दिवसभर अर्धा सेकंद, आणि दहा छप्पनला एकदम उभी भिंत.

आता संशय डोमेन कंट्रोलरवर. पासवर्ड शेवटी तिथेच तपासला जातो, आणि ते माझ्या हातात नाहीत. ते आणि सगळ्यांच्या खात्यांची डिरेक्टरी सांभाळणाऱ्या मॅडमना मी दोन दिवस छळलं. त्यांनी त्यांचे आलेख दाखवले, कुठे काही नव्हतं. "तुमच्याकडून येणारे प्रश्नच त्या वेळी कमी होतात," असंही त्या म्हणाल्या. हे वाक्य मी बचाव म्हणून ऐकलं. खरं तर तोच पुरावा होता: प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते.

सुटका झाली पाहुण्यांच्या पोर्टलमुळे. पाहुणे वेगळ्या नेटवर्कवर येतात. फोन आपला एक ठरलेला पत्ता उघडून बघतो, आपण त्याला मध्येच अडवून लॉगिनचं पान दाखवतो, त्यात कोड टाकला की पोर्टल तोच रेडिअस सर्व्हर गाठतं. फरक दोन. पाहुण्यांचे कोड रेडिअसच्याच एका फाइलमध्ये आहेत, डोमेन कंट्रोलरचा संबंध नाही. आणि पोर्टल एकच पॅकेट पाठवतं. पोर्टलबद्दल तक्रार नव्हती म्हणून मी तिकडे बघितलंच नव्हतं. सातव्या दिवशी दहा सत्तावन्नला घड्याळ लावून बघितलं: बटण दाबल्यापासून दोन सेकंद. एरवी डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. दोन सेकंदांची कोणी तक्रार करत नाही. फार तर बटण पुन्हा दाबतात, आणि रांगेत आणखी एक पॅकेट घालतात.

एका पॅकेटला दोन सेकंद, दहा पॅकेटना वीस. मॅडमचे डोमेन कंट्रोलर निर्दोष होते, कारण त्यांच्याकडे न जाणारा पाहुणाही तितकाच अडकत होता. अडकण रेडिअसच्या दारातच होती.

मग लॉग नीट वाचला. नीट म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत. ही ओळ त्यात पहिल्या दिवसापासून होती:

```
Error: Unresponsive child for request 48213, in component accounting module sql
```

मी 'Unresponsive' वाचून डोमेन कंट्रोलरकडे धावलो होतो. ओळीचा उत्तरार्ध सांगत होता की अडकलेलं काम लॉगिनचं नाहीच, हिशेबाचं आहे. रेडिअस सर्व्हर दोन कामं करतो. कोणाला आत घ्यायचं ते ठरवतो, आणि कोण किती वाजता आलं, कधी गेलं, किती डेटा वापरला याची नोंद डेटाबेसच्या radacct टेबलमध्ये ठेवतो. दोन्ही कामांना कामगार तेच, आमच्याकडे कमाल 32 थ्रेड. माणूस आला की नवी ओळ. माणूस गेला की त्याची जुनी ओळ शोधून तिच्यात जाण्याची वेळ भरायची.

लॉग वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी दहा छप्पनला मी डेटाबेसवर बसलो आणि त्या क्षणी काय काय चालू आहे ते बघायला `SHOW FULL PROCESSLIST` दिलं. ओळीखाली ओळ, सगळ्या एकच: `UPDATE radacct SET acctstoptime...`. एक चालू, बाकीच्या तिची वाट बघत. `EXPLAIN` म्हणालं की ती एक ओळ शोधायला डेटाबेस सुमारे सहा लाख ओळी वाचतोय. acctuniqueid या रकान्यावर इंडेक्स असायला हवा, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी ओळ थेट सापडते. तो नव्हता. टेबल तीनशे एमबीचं, डेटाबेसला दिलेली मेमरी मुळातली 128 एमबी, म्हणजे प्रत्येक वेळी डिस्कवरून वाचन. दोन सेकंद. वर इंडेक्सशिवाय शोधताना इनोडीबी हे डेटाबेसचं इंजिन वाटेतल्या सगळ्याच ओळींना कुलूप लावत जातं, म्हणून दोन अपडेट एकत्र चालूच शकत नाहीत.

आता सहा मिनिटांचं बघा. तास सुटला की मुलं लॅपटॉप मिटतात, इमारतीबाहेर पडतात. कंट्रोलर पाच मिनिटं वाट बघतो आणि मग 'हा गेला' असं रेडिअसला कळवतो. म्हणजे दहा पन्नासची पांगापांग सर्व्हरला कळते दहा छप्पनच्या आगेमागे. पाच मिनिटांत तीनशे 'गेला', म्हणजे सेकंदाला एक, आणि एकाला लागतात दोन सेकंद. बघता बघता बत्तीसच्या बत्तीस कामगार जाणाऱ्यांच्या नोंदी हातात धरून उभे, आणि येणाऱ्याला दार उघडायला कोणीच नाही. दर दोन सेकंदांनी एखादा सुटतो, तेवढ्यात फोनचं एखादं पॅकेट आत सरकतं.

सकाळी नऊला सर्वांत जास्त लॉगिन होतात आणि तेव्हा कधीच त्रास नव्हता. याचं मला आठ दिवस नवल वाटत होतं, चौकशी मात्र केली नाही. सकाळी सगळे येतात, जात कोणी नाही.

भरीला उत्तर आलं नाही की कंट्रोलर तीच नोंद पुन्हा पाठवतो. लॉगिनचं पुन्हा पाठवलेलं पॅकेट सर्व्हर ओळखतो आणि सोडून देतो. हिशेबाच्या पॅकेटमध्ये मात्र 'किती उशीर झाला' हा आकडा बदलतो, त्यामुळे नियमानुसार पॅकेटचा क्रमांकही बदलतो, आणि सर्व्हरला ते नवंच काम वाटतं. पाच मिनिटांची गर्दी निस्तरायला वीस मिनिटं का लागत होती, ते इथे कळलं.

इंडेक्स गेला कुठे? टेबलात खाली खाली गेलो तर शेवटच्या चार महिन्यांच्या प्रत्येक ओळीचा radacctid, म्हणजे ओळीचा क्रमांक, शून्य. शून्य, शून्य, शून्य, पानंच्या पानं. बघता क्षणी पोटात गोळा आला, कारण चार महिन्यांपूर्वी नव्या मशीनवर हे टेबल कोणी आणलं ते मला माहीत होतं. एका रविवारी मीच आणलं होतं, असं:

```sql
CREATE TABLE radacct AS SELECT * FROM old.radacct;
```

याने ओळी येतात. इंडेक्स येत नाहीत, प्रायमरी की येत नाही, आपोआप वाढणारा क्रमांकही येत नाही. सोमवारी सगळं चाललं, कारण जुन्या नोंदी मी आणण्याआधीच छाटल्या होत्या. टेबल रोज थोडं वाढत गेलं आणि एक दिवस गर्दीचा वेग टेबलाच्या वेगापुढे गेला.

दुरुस्तीलाही पहिल्या फटक्यात यश नाही. युनिक इंडेक्स घालायला गेलो तर 'Duplicate entry'. पुन्हा पाठवलेल्या 'आला' नोंदी इतके दिवस बिनबोभाट दुहेरी बसल्या होत्या. शेवटी सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या मूळ आराखड्यातून रिकामं टेबल केलं, `RENAME TABLE` ने अदलाबदल केली, आणि जुन्या ओळी रात्री गाळून आणल्या. अपडेट दोन सेकंदांवरून काही मिलिसेकंदांवर आलं. दहाव्या दिवशी दहा छप्पनला आलेख सपाट.

पुढच्या आठवड्यात हिशेब आणि दार वेगळं केलं. आता नोंद आधी फाइलमध्ये पडते, कंट्रोलरला लगेच पोच मिळते, आणि दुसरी प्रक्रिया ती सावकाश डेटाबेसमध्ये भरते. डेटाबेस बंद पडला तरी लॉगिन अडत नाही. तोटा एक आहे: 'आत्ता कोण जोडलेलं आहे' हे काही सेकंद मागे असतं, त्यामुळे एका खात्यावर किती उपकरणं चालतात ही मर्यादा गर्दीत थोडी ढिली पडते. साहेबांना हे पटवायला इंडेक्सपेक्षा जास्त वेळ गेला.

अहवालात मी 'टेबल स्थलांतरात त्रुटी' असं लिहिलं. कोणाची ते विचारलं नाही कोणी. मॅडमकडे मात्र जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. "तुमचा तो दर मिनिटाचा आलेख आहे ना," त्या म्हणाल्या, "त्याच्या शेजारी माझ्या सर्व्हरचाही लावा. पुढच्या वेळी दोन दिवस वाचतील, माझे."

लावलाय.