घासणारं दार आणि दोन पुस्तकं

२० जुलै, कोल्हापूर

भाड्याच्या घरात राहून स्वतःच्या हाताने किरकोळ दुरुस्ती करायची, तर कोणतं पुस्तक घ्यावं? आज मी दोन पुस्तकं समोर ठेवली आणि दोन्हींत एकच पान शोधलं, घासणाऱ्या दाराचं.

एक इंग्रजी आहे, अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेलं. त्याच्या चित्रांवरून पुष्कळ समजतं. दुसरं आयटीआयच्या सुतारकामाचं, चेन्नईच्या ‘निमी’ संस्थेचं. लाकूड, हत्यारं आणि सांधे शिकायला ते उत्तम, पण त्याचा रोख नवी वस्तू घडवण्यावर आहे. लटकलेल्या दाराचं निदान मला पहिल्यातच सापडलं.

दार कुठे घासतं, ते आधी बघायचं. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून फळ्यांचं दार फुगलं की कडीकडची कड बरीचशी उभी घासते. फक्त वरचा कोपरा घासत असेल आणि वरच्या बिजागरीपाशी फट वाढली असेल, तर दार खाली झुकलंय. माझं दुसऱ्या प्रकारचं निघालं. दार अर्धं उघडून मुठीला धरून वर उचललं, तर बिजागरीची पट्टी चौकटीपाशी हलत होती.

हे कळलं नसतं तर रंधा मारावासा वाटला असता. पण दार घरमालकीणकाकूंचं, आणि रंध्याने काढलेलं लाकूड परत येत नाही. फुगलेलं दारही थंडीत आपोआप आक्रसतं, मग फट पडते.

त्याच पुस्तकात पुढे तीन इंची स्क्रू घालायला सांगितलंय. तिथे पातळ चौकटीमागे लाकडी खांब असतो, स्क्रू त्यात जाऊन बसतो. आपली चौकट जाड लाकडाची आणि मागे वीट. तिथे तो स्क्रू विटेला टेकून अडेल. म्हणून त्यातलं तत्त्व घेतलं, माप नाही.

दाराच्या मोकळ्या टोकाखाली पाचर सारून वजन पेललं. मग वरच्या बिजागरीचा गोल गोल फिरणारा स्क्रू काढला, बाकीचे तसेच ठेवले. भोकात फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या गच्च ठोकल्या, वर आलेली टोकं कापली. रात्रभर वाळू देणार. उद्या स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून, तेवढ्याच डोक्याचा आणि थोडा लांब स्क्रू. डोकं मोठं असेल तर ते पट्टीत बुडत नाही आणि दार नीट मिटत नाही.

पेचकसाचं टोक चौकटीत सहज रुतलं असतं, तर मात्र आत वाळवी किंवा कूज धरायची. अशा लाकडात काड्या टिकत नाहीत. तेव्हा पुस्तक मिटून काकूंनाच बोलवायचं, चौकट बदलणं भाडेकरूचं काम नव्हे.