चोवीस टाइल्स आणि एक भोक

आमच्या पांझरेकाठी बंधाऱ्याच्या पाटाचं पाणी फडाफडाने फिरायचं. एका फडात, म्हणजे सलग शेतांच्या एका गटात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी द्यायला सोपं. यावरून खेळ करायचं डोक्यात आलं. सगळे मिळून एकच शिवार मांडतील आणि गुण मात्र ज्याचे त्याला.

पहिल्या आवृत्तीत चौकोनी टाइलच्या प्रत्येक कडेला पाट, बांध किंवा रस्ता यांपैकी एक होतं. शेजारच्या कडा जुळल्याच पाहिजेत. फिरवून सारख्या होणाऱ्या सोडल्या, तर अशा टाइल्स बरोबर 24 होतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर प्रत्येकी एक कापली आणि सुट्टीत आलेल्या भाच्यांना बसवलं.

अर्ध्या तासात शिवाराला भोकं पडली. धाकटा म्हणाला, "मामा, आठे काहीच बसत नही!" रात्री मोजत बसलो. एकच शेजारी असेल तर 24 पैकी 18 टाइल्स चालतात. कोपऱ्यात दोन शेजारी असले तर 7 किंवा 9, तिघे असले तर 3, आणि चारही बाजू बंद असल्या तर फक्त एक. तीही बहुतेक वेळा आधीच कुठेतरी लागून गेलेली. दोष पोरांचा नव्हता.

मग कडेवरचा रस्ता काढून टाकला. कडेला पाट असेल किंवा नसेल, एवढंच ठेवलं. प्रकार उरले 6. टाइलच्या मधोमध पीक आणलं: ऊस, गहू, ज्वारी. 6 गुणिले 3 म्हणजे 18, प्रत्येकी तीन प्रती करून 54 टाइल्स. आता चारही बाजूंनी बंद जागेतसुद्धा 9 टाइल्स बसू शकतात. भोकं राहतात, पण क्वचित.

गुणांचा घोळ जास्त चालला. सगळ्या बाजूंनी पाट आला की फड बंद. जो बंद करेल त्याला फडातल्या टाइल्सएवढे गुण. झालं असं, की दोन टाइल्स कमी असलेल्या फडाला कोणी हातच लावेना, कारण शेवटच्या आधीची टाइल ठेवणं म्हणजे पुढच्याला गुण दान करणं. चौघे एकमेकांकडे बघत बसायचे. (आमच्या गावच्या बैठकीसारखंच, पण खेळात ते चालत नाही.)

उपाय घरातच सापडला. प्रत्येकाला चार दाणे: कोणाला सरकी, कोणाला तूर, मका, शेंगदाणा. टाइल ठेवल्यावर तिच्यावर हवं तर एक दाणा ठेवायचा. फड बंद झाला की त्यात दाणा असलेल्या सगळ्यांना पूर्ण गुण, आणि दाणे परत. सगळा फड एकाच पिकाचा असेल तर दुप्पट. आता बंद करायची घाई सगळ्यांनाच, कारण दाणे अडकून पडतात.

परवा माझा सहा टाइल्सचा, सगळा उसाचा फड बंद होत आला होता. बारा गुण. धाकट्याचा त्यात दाणा नव्हता. त्याने शेवटच्या जागेत ज्वारी लावली.