आजीचा बिस्किटाचा डबा : लातूर, औसा आणि एक फोटो

पुण्याहून रात्री निघालेली गाडी कुर्डुवाडी सोडून बार्शीच्या दिशेला वळते, तेव्हा बहुतेक डबा झोपलेला असतो. मी मात्र मुद्दाम जागी होते. याच वाटेवर पूर्वी बार्शी लाइटची अरुंद रुळांची गाडी धावायची. मिरज ते लातूर, दोन रुळांत जेमतेम अडीच फूट अंतर. मुंबईकडून आलेला माल कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरवायचा, छोट्या गाडीत चढवायचा आणि मग तो लातूरच्या गंजात पोचायचा. आजीचा डबाही बहुधा असाच आला असणार, असं मला वाटत होतं. घरातली समजूत मात्र वेगळी होती. आजोबांनी तो रझाकारांच्या आधी, निजामाच्या राज्यात, हैद्राबादहून आणला, असं सगळे सांगत.

डबा आता नाही. आमचं गाव किल्लारीच्या जवळचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला त्या रात्री आजी लातूरला आत्याकडे होती, म्हणून वाचली. घराचं माळवद खाली आलं आणि त्याखाली सगळं गेलं. ढिगाऱ्यातून एक तांब्या निघाला, पोचा पडलेला. डबा निघाला नाही. तो कुठला आणि कधीचा, हे शोधायला उरला तो आत्याकडचा एक फोटो. आजी ओसरीवर बसलीय, मांडीवर लहान बाळ, शेजारी तांब्या आणि तांब्याला टेकून डबा. डब्याची डावी बाजू पदराखाली गेलेली.

लातूरला उतरून आत्याकडे गेले. चहा होतो न होतो तोच तिनं फोटो काढून दिला.

"इतक्या लांबून ह्याच्यासाठी आलीस? काय शोधायलीस गं ह्याच्यात?"

फोटो छोटा, सहा बाय नऊ सेंटिमीटरचा, कडा कातरलेल्या. हा आकार पाहून मला आशा वाटली. त्या वेळच्या साध्या कॅमेऱ्यांत निगेटिव्हच एवढी मोठी असायची, आणि स्टुडिओवाले ती थेट कागदावर ठेवून छाप काढत. मोठं करण्याचा टप्पा मधे नसल्यामुळे अशा छापात बारीक तपशील टिकून राहतो. गंजगोलाईतल्या एका दुकानात स्कॅनर होता. गोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी कुठल्या रस्त्यावर ते दुकान आहे, हे सांगताना भाच्याचाही गोंधळ झाला.

आधी १२०० डीपीआयवर स्कॅन केलं. मग २४०० वर. दुसरी फाइल नुसतीच जड झाली, अक्षर एकही वाढलं नाही. कागदावर जे उतरलंच नाही ते स्कॅनर कुठून आणणार? उपयोग झाला तो दुसऱ्या गोष्टीचा. फोटो एकदा सरळ ठेवून स्कॅन केला आणि एकदा काटकोनात फिरवून. जुन्या कागदाचा खडबडीतपणा स्कॅनरच्या दिव्यात सावल्या टाकतो, आणि त्या सावल्या अक्षरांच्या रेघांसारख्या दिसतात. फोटो फिरवला की सावल्या बदलतात, छापलेलं बदलत नाही. दोन्ही स्कॅनमध्ये जे सारखं दिसलं, तेवढंच मी खरं धरलं.

झाकणाच्या पट्टीवर इंग्रजीत दोन ओळी होत्या. वरच्या ओळीचा शेवट 'हराम' असा वाचता येत होता, त्यापुढे 'अँड को'सारखं काहीतरी. खालच्या ओळीची शेवटची पाच अक्षरं स्पष्ट होती: ए, एल, आय, ओ, आर. अशा शेवटाचं बिस्किटाचं गाव एकच आठवतं, ग्वाल्हेर. आणि गाव सापडल्यावर नाव उलगडायला वेळ लागला नाही. जे. बी. मंघाराम आणि कंपनी. सिंधमधल्या सक्करची ही मंडळी, फाळणीनंतर ग्वाल्हेरला आली. देवादिकांची चित्रं असलेल्या त्यांच्या डब्यांनी एके काळी देशभरात घराघरांत जागा मिळवली होती. फोटोतल्या झाकणावर पुसटसा मुकुट आणि मोरपिसासारखा एक ठिपका आहे. कृष्ण असावा.

म्हणजे डब्यावर ग्वाल्हेर आहे, तर तो फाळणीच्या अलीकडचा. रझाकारांच्या आधीचा तो असू शकत नाही. दुसरी मर्यादा मांडीवरच्या बाळानं घातली. ते बाळ म्हणजे माझे धाकटे काका, जन्म १९५७चा. डबा १९४७ ते १९५८ यांच्या मधला.

रंगावरून आत्या आणि काकांचं जुनं भांडण आहे. ती म्हणते लाल, ते म्हणतात निळा. फोटोत तो जवळजवळ काळा दिसतो. त्या काळच्या काही फिल्मांना लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लाल वस्तू काळी यायची आणि निळी फिकट. ही फिल्म तशी होती का, हे ताडायला फोटोतच एक खूण होती. आजीचं कुंकू. ते तिच्या केसांइतकंच काळं आलंय, आणि डब्याची पार्श्वभूमीही तितकीच काळी. हा काही पक्का पुरावा नव्हे, पण कौल आत्याच्या बाजूनं जातो. तिला सांगितलं तर म्हणाली, "मी काय आंधळी होते का तवा?"

दुसऱ्या दिवशी लाल गाडीनं औशाला गेले. आत्याच्या नणंदेकडे मंघारामचा एक डबा आहे असं कळलं होतं. चित्र लक्ष्मीचं होतं, पण आकार ओळखीचा वाटला. फोटोतला तांब्या आत्याकडे होता, तो मी मोजून नेला होता. त्यावरून फोटोतल्या डब्याची उंची साधारण दहा सेंटिमीटर निघाली होती. नेमकी नव्हे, कारण डबा तांब्याच्या किंचित मागे आहे आणि मागची वस्तू लहान दिसते. रुंदी आणि उंचीचं प्रमाण मात्र औशाच्या डब्याशी जुळलं.

मला खरं हवं होतं ते वेगळंच. बिस्किटं करणारा एक आणि डबा करणारा दुसरा, असं पुष्कळदा असे. पत्र्यावर चित्र आधी सपाट छापतात, मग तो कापून, दुमडून डबा होतो. छापणाऱ्याचं नाव बऱ्याचदा तळाच्या कडेला किंवा सांध्याजवळ मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. भारतात मेटल बॉक्ससारख्या कंपन्या हेच काम करत, मेटल बॉक्सची सुरुवात कलकत्त्यात १९३३ची. आजीचा डबा कुणी वळवला, हे त्या कडेवरच कळलं असतं. फोटोत ती कड तांब्याच्या सावलीत बुडालीय. औशाच्या डब्याची कड मी टॉर्च तिरपा धरून पाहिली. तिरप्या उजेडात पुसलेल्या शाईचा उंचवटा कधी कधी दिसतो. इथं गंजानं रंगासकट वरचा थरच खाल्ला होता. नणंदबाईंनी तेलाचं बोट लावून घासायला घेतलं, तेव्हा मी त्यांना थांबवलं. सुटलेल्या रंगाचे पोपडे अशानं निघून जातात, आणि लक्ष्मीचा हात अजून शाबूत होता.

लातूरला परतून फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहिलं : बिस्किटं मंघाराम, ग्वाल्हेर. १९४७ नंतर, १९५८ पर्यंत. रंग बहुधा लाल. डबा करणारा कळला नाही.

आत्यानं चष्मा लावून सगळं वाचलं. "ग्वाल्हेरचा असंल की. पण दादांनी आणला हैद्राबादहूनच. पोलीस अ‍ॅक्शननंतर पुन्हा गेले होते ते, कज्ज्यासाठी."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. फोटोतलं काहीच त्याच्या आड येत नाही. मी तिच्यासमोरच खाली आणखी एक ओळ लिहिली : आणला हैद्राबादहून, आत्याचं म्हणणं.