घरं तीच, वाढीचे आकडे दोन

जुलैच्या मानाने ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या कुटुंबांचा किराणा-भाजीचा खर्च सरासरी किती वाढला, एवढंच क्लायंटला हवं होतं. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात सकाळीच माझ्या शीटवर दोन उत्तरं तयार होती. एका हिशेबाने वाढ १४५ रुपये, दुसऱ्याने ४३. फॉर्म तेच आणि गणितही दोन्हीकडे बरोबर. संध्याकाळपर्यंत एकच आकडा पाठवायचा होता.

आमची पाहणी फिरत्या नमुन्याची आहे. दर महिन्याला १६०० घरं, चारशे-चारशेच्या चार गटांत. एक गट लागोपाठ चार महिने राहतो, मग त्याला सुट्टी आणि त्याच्या जागी नवा गट. त्यामुळे कुठल्याही महिन्यात एका गटाची पहिली भेट चालू असते, एकाची दुसरी, एकाची तिसरी, एकाची चौथी. लागोपाठच्या दोन महिन्यांत १२०० घरं सामाईक, म्हणजे ७५ टक्के. केंद्र सरकारच्या पीएलएफएस या श्रमबल पाहणीत शहरी भागासाठी २०१७ पासून हीच चाल आहे. तिथे आधी भेटी तिमाहीला व्हायच्या, २०२५ च्या जानेवारीपासून त्या दरमहा झाल्या आणि ग्रामीण भागही त्यात आला.

घरं सामाईक ठेवायचं कारण सरळ आहे. कोपरीतल्या दोन माणसांच्या घराचा आणि घोडबंदर रोडवरच्या सहा जणांच्या कुटुंबाचा खर्च मुळातच वेगळा. दोन महिन्यांत सगळी घरं बदलली, तर हा घराघरातला फरक बदलाच्या आकड्यात मिसळतो. तेच घर पुन्हा गाठलं की तो वजाबाकीत निघून जातो. आमच्याकडे खर्चाचं प्रमाण विचलन, म्हणजे घराघरातल्या फरकाचं माप, २००० रुपयांच्या आसपास आहे आणि त्याच घराच्या दोन महिन्यांच्या खर्चातला सहसंबंध साधारण ०.८, म्हणजे एका महिन्यात जास्त खर्चणारं घर दुसऱ्यातही बहुधा जास्तच खर्चतं. दोन्ही महिन्यांत नवी घरं घेतली असती, तर बदलाची प्रमाणत्रुटी, म्हणजे निव्वळ नमुन्याच्या योगायोगाने आकडा साधारण किती हलू शकतो ते माप, ७१ रुपये आली असती. तीन चतुर्थांश घरं सामाईक ठेवल्याने ती ४५ वर येते. आणि फक्त सामाईक १२०० घरांचाच बदल मोजला तर ३७.

हे ४३ रुपये तिथूनच आले होते. १४५ म्हणजे ऑगस्टच्या सगळ्या घरांची सरासरी ६२५० वजा जुलैची ६१०५. सरांचा कल साहजिकच ४३ कडे होता. "त्याच घराची त्याच घराशी तुलना आहे, त्रुटीही कमी. अजून काय पाहिजे?" नमुना-शास्त्र शिकलेला कोणीही पहिल्या झटक्यात हेच म्हणेल.

मला खटकत होतं ते वेगळंच. मी सामाईक घरं गटागटाने फोडली. ज्या गटाची ऑगस्टमध्ये चौथी भेट होती, तो ५९४० वरून ६०९० वर गेला होता. तिसऱ्या भेटीचा गट ६११० वरून ६१७५ वर. आणि दुसऱ्या भेटीचा गट ६२९० वरून चक्क ६२०५ वर उतरला होता. शहर तेच, बाजारभाव तेच, तरी एक गट १५० ने वर आणि दुसरा ८५ ने खाली. ऑगस्टमध्ये नव्याने आलेल्या गटाची सरासरी होती ६५३०, सगळ्यांत जास्त. गट यादृच्छिक काढलेले असल्याने एकाच महिन्यात चारही गटांचे आकडे थोडे मागेपुढे होणारच, एका गटाच्या सरासरीची त्रुटीच शंभर रुपये आहे. म्हणून एका महिन्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. मागचे महिने उघडले. जवळजवळ प्रत्येक महिन्यात पहिल्या भेटीचा गट उंच, दुसऱ्या भेटीचा किंचित वर, तिसरा-चौथा खाली आणि एकमेकांच्या जवळ. गट बदलत होते, भेटीचा क्रमांक तेवढा जागचा हलत नव्हता.

दुपारी आमच्या फील्ड सुपरवायझर ताईंबरोबर कळव्याला गेलो. पहिली भेट होती. "गेल्या तीस दिवसांत तेल किती आणलं?" काकू म्हणाल्या, "पाच लिटरचा डबा." ताईंनी लिहून घेतलं. निघताना मी सहज विचारलं, डबा कधी आणला होता. काकूंनी सुनेला हाक मारली, सुनेने विचार करून सांगितलं, "वटपौर्णिमेच्या आधी, नाही का?" म्हणजे तीस दिवसांच्या कितीतरी मागे. मोठी खरेदी लक्षात राहते, तारीख राहत नाही, आणि ती अलीकडे सरकते. दुसऱ्या भेटीपासून ताई म्हणतात, "मी मागच्या वेळी आले होते ना, त्यानंतर काय आणलं?" तिथे कुंपण पडतं आणि जुना डबा बाहेर राहतो. अमेरिकेत घरदुरुस्तीच्या खर्चाच्या मुलाखतींवर नेटर आणि वॅक्सबर्ग यांनी १९६४ साली हाच प्रकार दाखवला होता.

पुढच्या घरात तिसरी भेट होती. तिथल्या वहिनींना आता माहीत होतं की "हो" म्हटलं की मागून तीन प्रश्न येतात. सुकामेवा? "नाही." बाहेरचं खाणं? "नाही हो ताई, लिहा की नाही." ओट्यावर वडापावाचा कागद पडला होता. त्यांना दोष द्यायला मी कोण, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना मीही तेच केलं असतं.

म्हणजे कारणं दोन, पण दोन्ही एकाच दिशेने ओढणारी. लोकलमध्ये बसल्या बसल्या हिशेब मांडला. प्रत्येक भेट-क्रमांकाची आपली एक ठरावीक कलती चूक आहे असं धरू. सामाईक घरांत पहिलीची दुसरीशी, दुसरीची तिसरीशी, तिसरीची चौथीशी तुलना होते. सरासरी काढताना मधल्या चुका कटतात आणि चौथीच्या चुकीतून पहिलीची वजा करून, भागिले तीन, एवढं उरतं. आमच्या मागच्या महिन्यांवरून पहिली भेट चौथीपेक्षा सुमारे ३२० रुपयांनी उंच होती. तिसरा हिस्सा १०७. सामाईक घरांचा आकडा दरमहा तेवढ्याने खाली दबत होता. १४५ आणि ४३ मधला फरक १०२.

उलट सगळ्या घरांच्या सरासरीत दोन्ही महिन्यांत चारही भेटी समप्रमाणात असतात. चूक दोन्हीकडे तितकीच, वजाबाकीत साफ. कमी त्रुटीचा आकडा सातत्याने चुकीच्या जागी बोट ठेवत होता, आणि जास्त डळमळीत वाटणारा बरोबर जागी.

हा तोल मात्र चक्र भरल्यावरच येतो. पाहणी सुरू झाली त्या महिन्यात चारही गट पहिल्या भेटीचे होते, दुसऱ्या महिन्यात तीन गट दुसऱ्या भेटीला गेले. तेव्हा खर्च घसरल्याचं दिसलं होतं आणि त्यावर मीटिंगमध्ये महागाईपासून पगारांपर्यंत बरीच चर्चा झाली होती. ती घसरण बहुतेक आमच्या वेळापत्रकाची होती. पहिले तीन महिने तुलनेतून काढायचे, असं शीटवर लाल अक्षरांत लिहिलं.

संध्याकाळी ४५ च्या त्रुटीची दुप्पट धरून १४५, कमी-जास्त ९०, असा आकडा गेला. त्यावर क्लायंटचा फोन आला, "मग पहिली भेट सरळ काढून टाका ना." दरमहा काढली तर तोल राहील, पण चौथा हिस्सा नमुना हातचा जाईल. शिवाय पहिली भेट जास्त सांगते की चौथी कमी, हे आमच्या आकड्यांवरून ठरत नाही. कळव्यात तर दोन्ही दिसलं होतं. म्हणून त्यांना सांगितलं, वाढ वापरा, पण "ठाणेकराचा खर्च ६२५०" असं जाहिरातीत छापू नका. त्यांना नेमकं तेच छापायचं होतं, हे नंतर कळलं.