दालमिलचा घसारा अन् उलटे आकडे
आज दुपारभर दालमिलच्या मशीनचं घसाऱ्याचं शेड्यूल तपासत बसलो, लाईट गेलेली, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर. मशीन 4,00,000 ची, 10 वर्षांनी भंगार 40,000, म्हणून सरळ रेषेत दरवर्षी तेच 36,000, चूक असली तर लगेच डोळ्यात खुपते. घोळ घटत्या शिल्लकीत होता बावा. दर 15 टक्के, तीनदा 0.85 नं गुणलं की तीन वर्षांनी 2,45,650 उरते, अन् कागदावर 2,53,300! मांगं मांगं गेलो तर दुसऱ्या वर्षाची शिल्लक 2,89,000, ती पुढच्या ओळीत उतरवताना 2,98,000 झाली. फरक 9,000, नऊनं भाग गेला की आकडे उलटे पडल्याचा संशय घ्यायचाच. अक्षर कोणाचं, तर माझंच 🤦