वजन तेवढंच, मग स्पंज आत्ता का दबतोय?

"वजन तर मघापासून तेवढंच आहे, मग स्पंज आत्ता का दबतोय?"

मागच्या बाकावरून हा प्रश्न आला आणि मला कळलं की मातीवरच्या दाबाची माझी σ' = σ − u ही स्लाइड, म्हणजे मातीच्या कणांनी पेललेला दाब = एकूण दाब वजा पाण्याचा दाब, कुणालाच पोचली नव्हती. म्हणून मातीच्या जागी स्पंज घेतला होता.

आधी ओला स्पंज नुसता टेबलावर ठेवून वजन टाकलं होतं, पाणी चारी बाजूंनी पळालं, स्पंज लगेच चपटा झाला, त्यात उशीर दिसलाच नाही. मग तोच स्पंज पाण्याने भरलेल्या डब्यात घट्ट बसवला, वर डब्यात नेमकी बसणारी चकती, चकतीला एकच बारीक भोक. वजन ठेवलं. काहीच हललं नाही! भोकातून पाणी येत राहिलं आणि चकती हळूहळू खाली गेली.

समजा वजनाने 100 किलोपास्कल दाब वाढला. पहिल्या क्षणी सगळे 100 पाण्यावर, स्पंजवर शून्य. पाण्याचा जादा दाब 60 वर आला की स्पंजवर 40, शेवटी सगळे 100 स्पंजवर. एकूण दाब बदललाच नाही, तो पेलणारा बदलला आणि स्पंज दबतो तो फक्त स्वतः पेललेल्या दाबामुळे.

चिकणमातीत कणांमधली भोकं फारच बारीक, म्हणून इमारत वर्षानुवर्षं खचत राहते. थर दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट, कारण पाण्याला वाट दुप्पट लांब आणि बाहेर पडायचं पाणीही दुप्पट. एक फरक मात्र आहे, वजन काढल्यावर स्पंज परत फुगतो, माती थोडीशीच फुगते, हे आज सांगायचं राहिलं आणि तेच डोक्यात घोळतंय. यासाठी स्पंजऐवजी काय वापरता येईल?